ब्लूटूथ कार्ड रीडर फोनला जोडायचा कसा: बाजारात स्टॉल लावणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी मी रीडर तसाच डब्यातून काढला आणि थेट स्टॉलवर घेऊन गेले. म्हटलं ब्लूटूथचा इअरफोन जोडतो तसंच असणार, त्यात काय. समोर बाई कार्ड हातात धरून उभ्या, रीडरचा निळा दिवा लुकलुकतोय, फोनच्या सेटिंगमध्ये "कनेक्टेड" दिसतंय आणि ॲप मात्र सांगतंय की रीडर सापडत नाही. फोन बंद केला, चालू केला, रीडर बंद केला, चालू केला, मागे तीन गिऱ्हाईकं ताटकळली आणि त्यातलं एक निघून गेलं. संध्याकाळी घरी येऊन शांतपणे बसले तेव्हा कळलं की रीडर खराब नव्हताच, मी जोडला चुकीच्या जागेवरून होता. तर ते सगळं क्रमाने लिहितेय, म्हणजे तुमची तरी पहिली सकाळ अशी जाऊ नये.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की यात जोडण्या दोन असतात. रीडर कार्ड वाचतो, ती माहिती स्वतःच्या आतच कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करतो आणि ब्लूटूथने फोनला देतो, ही पहिली जोडणी. फोन ती बंद पाकिटासारखी तशीच इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, ही दुसरी. पैसे मिळाले की नाही याचं उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. फोनला कार्डचा नंबर उघडा दिसतच नाही, तो फक्त पोस्टमन. त्यामुळे काही अडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, रीडर ते फोन तुटलंय की फोन ते इंटरनेट? ॲप "रीडर सापडत नाही" म्हणत असेल तर पहिली जोडणी, आणि कार्ड वाचून झाल्यावर चक्र फिरतच राहिलं तर बहुतेक वेळा दुसरी.

काय काय जवळ हवं

- रीडर आणि त्याची चार्जिंगची वायर
- ज्या फोनवर रोज धंदा करणार तोच फोन, घरातला दुसरा कुणाचा नाही
- कंपनीचं ॲप, फोनच्या अधिकृत ॲप स्टोअरमधून घेतलेलं, आणि त्याचं लॉगिन
- तुमचं खातं मंजूर झाल्याचा मेसेज (मंजुरी नसेल तर रीडर जोडला जाईल पण पैसे घेता येणार नाहीत)
- चांगलं वायफाय किंवा भरपूर डेटा, अपडेटसाठी
- स्वतःचं एक कार्ड, टेस्टसाठी

## १. घरीच करा आणि आधी पूर्ण चार्ज करा

डब्यातून निघालेला रीडर अर्धवट चार्ज असतो. पहिल्यांदा जोडला की तो जवळजवळ हमखास अपडेट मागतो आणि बॅटरी कमी असेल तर काही रीडर अपडेट सुरूच करत नाहीत, कारण मध्येच बंद पडला तर आतलं सॉफ्टवेअर अर्धवट राहील. म्हणून आदल्या रात्री चार्जला लावा. वायर डब्यातलीच वापरा, काही वायरी नुसत्या दिसायला सारख्या असतात आणि त्यातून चार्जिंग फार हळू होतं.

## २. फोनला परवानग्या द्या

इथं खूप जण अडकतात, कारण ॲप पहिल्यांदा उघडलं की दोन-तीन खिडक्या येतात आणि आपण घाईत "नको" दाबून टाकतो. मग ॲप रीडर शोधूच शकत नाही आणि कारणही धड सांगत नाही.

अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा असेल तर ॲपला `Nearby devices` ही परवानगी लागते. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा असेल तर लोकेशनची परवानगी लागते, आणि अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत नुसती परवानगी देऊन भागत नाही, वरून पट्टी खाली ओढून लोकेशन चालूही ठेवावं लागतं. लोकांना वाटतं हे ॲप माझ्यावर पाळत ठेवतंय की काय. खरं कारण असं की आसपासची ब्लूटूथ उपकरणं बघून माणूस कुठं आहे याचा अंदाज लावता येतो, म्हणून त्या फोनांमध्ये ब्लूटूथचा शोध लोकेशनच्या परवानगीखालीच ठेवला होता. (नवीन फोनवरही पैसे घेणारी काही ॲप्स लोकेशन मागतात, ते व्यवहार कुठं झाला याची नोंद ठेवायला.)

आयफोनवर iOS १३ पासून ॲप स्वतः ब्लूटूथची परवानगी विचारतं. तिथं नको म्हटलं असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन परत चालू करा.

आणखी दोन गोष्टी इथेच उरकून घ्या. फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, ती चुकली तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि ॲप नुसतं "कनेक्शन नाही" म्हणत बसतं. आणि बॅटरी सेव्हरमधून हे ॲप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो आणि रीडर तुटतो.

## ३. जोडायचं ॲपमधून, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नाही

हीच माझी पहिल्या दिवशीची चूक. ब्लूटूथ नुसतं चालू करायचं आणि सेटिंगमधून बाहेर यायचं. यादीत रीडरचं नाव दिसलं तरी त्यावर बोट लावायचं नाही. मग ॲप उघडून "कार्ड रीडर" किंवा तशा नावाच्या ठिकाणी जाऊन "नवीन रीडर जोडा" करायचं.

का ते सांगते. रीडर मोकळा असतो तेव्हा तो सारखा आरोळी ठोकत असतो की मी इथं आहे, माझं नाव अमुक. ॲप ती आरोळी ऐकूनच त्याला शोधतं. पण एकदा तो कुणाशी तरी जोडला गेला की बहुतेक रीडर आरोळी देणं थांबवतात. तुम्ही सेटिंगमधून जोडलंत की फोन त्याला धरून बसतो, रीडर गप्प होतो, आणि ॲप बिचारं ऐकत राहतं पण ऐकू काहीच येत नाही. म्हणून तिकडं "कनेक्टेड" आणि इकडं "सापडत नाही", दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

काही जुन्या पद्धतीचे रीडर मात्र खरंच सेटिंगमधून जोडावे लागतात, पण तसं असेल तर डब्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ॲपमधूनच.

रीडर पेअरिंग मोडमध्ये असायला हवा हेही बघा. नुसतं चालू असणं आणि पेअरिंगमध्ये असणं वेगळं. बहुतेकांत पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं आणि मग दिवा वेगळ्या तालात लुकलुकतो किंवा स्क्रीनवर तसं चिन्ह येतं. हा मोड थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे आधी ॲप त्या पानावर आणून ठेवा आणि मगच बटण दाबा.

## ४. आकडे जुळवा, घाईत "हो" म्हणू नका

ॲपच्या यादीत रीडरचं नाव आणि सहसा शेवटचे तीन-चार आकडे दिसतात. रीडरच्या पाठीवर किंवा खाली सिरीयल नंबर असतो, त्याचे शेवटचे आकडे तेच आहेत ना ते बघा. घरी एकच नाव दिसेल, पण बाजारात शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा रीडर असला की यादीत दोन-तीन सारखी नावं येतात.

रीडरला स्क्रीन असेल तर पुढे सहा आकडी नंबर रीडरवरही येतो आणि फोनवरही येतो. दोन्ही तंतोतंत सारखे असले तरच पुढे जा. हा नंबर म्हणजे पासवर्ड नव्हे, तो लक्षात ठेवायचा नसतो, दर वेळी नवा येतो. मध्येच तिसऱ्याच कुणी उपकरण घुसवलं असेल तर आकडे जुळणार नाहीत, एवढ्यासाठीच तो असतो. काही रीडरमध्ये हा नंबर फक्त रीडरवर दिसतो आणि फोनवर आपण टाइप करायचा असतो. ज्यांना स्क्रीनच नाही ते काहीही न विचारता जोडले जातात, तिथं सिरीयल नंबर बघणं जास्तच गरजेचं.

## ५. अपडेट होऊ द्या

जोडणी झाली की अपडेट सुरू होईल. ब्लूटूथवरून माहिती हळू सरकते म्हणून काही मिनिटं लागतात, टक्के एकाच आकड्यावर थांबल्यासारखे वाटतात, रीडर मध्ये स्वतःहून बंद होऊन चालूही होतो. घाबरू नका आणि ॲप सोडून दुसरीकडे जाऊ नका, फोन आला तर सरळ कट करा. रीडर चार्जिंगला, फोन शेजारी, स्क्रीन चालू, बस.

## ६. स्वतःच्या कार्डाने एकदा पैसे घ्या

ॲप जी कमीत कमी रक्कम घेऊ देतं तेवढीच टाका. कार्ड टॅप करून बघा, मग दुसऱ्यांदा चिप आत घालून बघा. टॅप करताना कार्ड रीडरवरच्या चिन्हापाशी अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर, आवाज येईपर्यंत धरायचं. लोक झटकन लावून काढून घेतात आणि मग म्हणतात चालत नाही. चिप घातली तर "कार्ड काढा" येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि रीडरला बटणं असतील तर पिन रीडरवरच, गिऱ्हाइकाच्या हातात देऊन.

व्यवहार ॲपच्या यादीत यशस्वी दिसतोय का ते बघा आणि मग तिथूनच परतावा करून बघा. परतावा कसा करायचा हे गिऱ्हाईक समोर असताना शोधायला लागू नये.

## ७. एकदा जोडलेला रीडर नंतर जोडला जात नसेल तर

हा भाग नीट वाचा, कारण खरा वेळ इथंच जातो.

पेअरिंग होतं तेव्हा फोन आणि रीडर मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि दोघंही ती आपापल्याकडे लिहून ठेवतात. दोघांच्या दोन वह्या, दोन्हींत एकच नोंद असं समजा. दुसऱ्या दिवशी परत आकडे जुळवावे लागत नाहीत ते यामुळेच, ते वह्या दाखवून एकमेकांना ओळखतात. अडचण होते ती एकाच वहीतलं पान फाडल्यावर.

माझं काय झालं ते सांगते. मी नवा फोन घेतला, जुना मुलाला दिला. नव्या फोनवर ॲप टाकलं, लॉगिन केलं, रीडर शोधायला लावला, काही नाही. मग रीडरचं बटण दाबून धरून पेअरिंगमध्ये टाकला, यादीत नाव आलं, मी दाबलं, एक सेकंद जोडला आणि तुटला. परत केलं, परत तेच. मग वाटलं फोनमध्येच काही अडकलंय म्हणून सेटिंगमध्ये जाऊन `Forget` केलं, तरी रीडर नकारच देतोय. शेवटी मुलगा खोलीतून बाहेर आला, त्याच्या हातातल्या जुन्या फोनवर तेच ॲप मागे उघडं होतं आणि वरच्या पट्टीत ब्लूटूथची खूण. रीडर जागा झाला रे झाला की आपल्या जुन्या ओळखीच्या फोनला जाऊन मिळत होता.

म्हणजे एकात एक दोन भानगडी होत्या. जुना फोन रीडर पळवत होता, आणि माझ्या खटपटीत नव्या फोनच्या वहीतलं पान गेलं पण रीडरच्या वहीत अर्धवट नोंद राहिली. सुटलं ते असं, आणि आता कधीही अडलं तर मी याच क्रमाने करते:

- हा रीडर आधी ज्या ज्या फोनला जोडला होता त्या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद. आयफोन असेल तर कंट्रोल सेंटरमधून नव्हे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कारण कंट्रोल सेंटरमधून ते पूर्ण बंद होत नाही, नुसत्या जोडण्या तात्पुरत्या सुटतात.
- आपल्या फोनच्या ॲपमधून रीडर काढून टाका, आणि फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव असेल तर तिथूनही `Forget` करा. आयफोनवर ते `Forget This Device` असं दिसतं.
- रीडरच्या आतल्या ब्लूटूथ नोंदीही पुसा. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, कुठं मेनूत असतं, कुठं बटण जास्त वेळ दाबून धरायचं असतं. ही पायरी जवळपास सगळे सोडतात.
- फोन बंद करून चालू करा आणि मग तिसऱ्या पायरीपासून परत, ॲपमधून.

ओळखायची खूण सांगते. रीडर यादीत दिसतच नसेल तर तो दुसऱ्याच कुणाशी जोडलेला आहे, झोपलाय किंवा तुमची परवानगी बंद आहे. यादीत दिसतो, क्षणभर जोडतो आणि तुटतो, असं असेल तर वह्या जुळत नाहीत. या दोन तक्रारींना वेगवेगळी औषधं आहेत, म्हणून आधी नीट बघा की तुमची कोणती.

रीडरच्या ब्लूटूथ नोंदी पुसल्याने कार्डाची माहिती कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या जात नाहीत, त्या वेगळ्या असतात, तेव्हा बिनधास्त पुसा. पण स्क्रू काढून रीडर उघडायचा मात्र नाही, अगदी धूळ झटकायलाही नाही. आत उघडल्याचं ओळखणारी यंत्रणा असते आणि तसं झालं की रीडर त्या किल्ल्या स्वतःच नष्ट करतो, मग तो घरी दुरुस्त होत नाही, कंपनीकडून बदलूनच घ्यावा लागतो.

## ८. स्टॉलवर रीडर कुठं ठेवायचा

कागदावर ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर वगैरे लिहितात, पण बाजारात ते विसरा. आसपास शेकडो फोन आणि वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलत असतात, आणि माणसाचं शरीर, त्यातलं पाणी, हे सिग्नल शोषून घेतं. फोन मागच्या खिशात आणि रीडर पुढं टेबलावर असेल तर मध्ये तुम्ही स्वतःच भिंत बनून उभे असता. गल्ल्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेला फोन तर अजूनच वाईट. मी दोन्ही एकाच टेबलावर हातभर अंतरात ठेवते आणि तेव्हापासून मध्येच तुटणं जवळपास बंद झालं.

टॅपसाठी रीडर थेट लोखंडी टेबलावर सपाट ठेवू नका, खाली लाकूड किंवा जाड पुठ्ठा ठेवा, धातूमुळे काही वेळा टॅप नीट घेत नाही. आणि थोडा वेळ गिऱ्हाईक नसलं की रीडर बॅटरी वाचवायला झोपतो, तो तुटलेला नसतो. रक्कम टाकायच्या आधी एकदा बटण दाबून जागा करा, गिऱ्हाईक कार्ड काढेपर्यंत तो जोडलेला असतो.

## ९. व्यवहार चालू असताना तुटलं तर

कार्ड टॅप झालं, आवाज आला, आणि त्याच क्षणी फोनचं इंटरनेट गेलं किंवा रीडर तुटला. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगेच परत पैसे घेणं. मंजुरी सर्व्हरवर झालेली असू शकते आणि फक्त उत्तर तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं. पुन्हा टॅप केलंत तर त्या माणसाचे दोनदा जातात.

आधी इंटरनेट परत आणा आणि ॲपमधली व्यवहारांची यादी उघडून ताजी करा. यशस्वी दिसलं तर माल द्या, पावती पाठवा. रद्द किंवा अयशस्वी दिसलं तरच परत घ्या. प्रलंबित दिसत असेल तर थांबा, आणि गिऱ्हाइकाला थांबता येत नसेल तर रोख मागा. रोख घेतलीत आणि नंतर तो कार्डाचा व्यवहार यशस्वी झाला तर परतावा तुम्हीच करायचा, म्हणून त्याच जागी रक्कम आणि वेळ वहीत लिहून ठेवा. गिऱ्हाइकाच्या फोनवर बँकेचा मेसेज आला असेल तरी त्यावर निर्णय घेऊ नका, काही वेळा पैसे अडवल्याचा मेसेज येतो आणि व्यवहार नंतर उलटतो. तुमच्या ॲपच्या यादीत जे दिसतं तेच धरा.